सोसायटीच्या रिपोर्टमध्ये ‘काय आढळलं’ आणि ‘काय करायचं’ वेगळं कसं लिहायचं

पानाचे दोन भाग करा, वर काय आढळलं, खाली काय करायचं. हे सगळेच सांगतात, पण गडबड इथे होतच नाही. गडबड होते मधल्या एका वाक्यात.

बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरची टाकी सकाळी आठलाच रिकामी व्हायची. मी रिपोर्टमध्ये ‘काय आढळलं’ खाली लिहिलं, “पंप कमी ताकदीचा असल्यामुळे टाकी पुरत नाही.” कमिटीने वाचलं, नवीन पंप बसवला, टाकी लवकर भरायला लागली आणि तरी आठलाच रिकामी. त्या वाक्यात बघितलेली गोष्ट एकच होती, टाकी आठला संपते. पंप किती पाणी चढवतो हे कोणी मोजलंच नव्हतं, तो माझा अंदाज होता आणि ‘मुळे’ या शब्दाच्या आड लपला होता.

म्हणून आता मी तीन भाग करतो: काय मोजलं, त्यावरून काय म्हणता येतं, काय करावं. पहिल्या भागात ‘मुळे’, ‘अपुरा’, ‘पाहिजे’ असला शब्द दिसला की ते वाक्य तिथून उचलायचं, यात सूट नाही.

मग परत मोजलं. टाकीचा तळ 10 चौरस मीटर. रात्री 1 ते 4 पंप बंद ठेवून पट्टी लावली तर पाणी 30 सेंटीमीटर उतरलं, म्हणजे 3,000 लिटर. पहिल्या भागात एवढंच लिहायचं, वेळ आणि पंप बंद होता हे धरून.

दुसरा भाग सगळ्यात अवघड, इथे घाई करू नका. प्रत्येक वाक्याला विचारा, हेच आकडे दुसऱ्या कशाने आले असते का? रात्री लोक फ्लश करतात हे खरं, पण एका फ्लशला 10 लिटर धरले तरी 3,000 लिटरला तीन तासांत 300 फ्लश लागतील, आणि घरं आहेत 28. म्हणून ‘पाणी कुठेतरी वाया जातंय’ हे म्हणता येतं. ‘टाकीला तडा आहे’ हे मात्र नाही म्हणता येत, कारण खाली जाणारा पाइप फुटला किंवा घराघरांतले फ्लश गळत असले तरी पट्टी तेवढीच उतरेल. जे म्हणता येत नाही तेही लिहा, नाहीतर वाचणारा ते स्वतःच जोडून घेतो, आमचे सेक्रेटरी काका तर लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन लावतात.

तिसरा भाग सोपा. प्रत्येक शिफारशीपुढे ती कुठल्या मोजणीवर उभी आहे ते लिहा, आणि आधार नसेल तर सरळ ‘अंदाज’ लिहा. आमच्यात उरलं ते असं: “एका रात्री खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करून परत पट्टी लावावी. आधार: रात्रीची मोजणी. पाणी तरीही उतरलं तर गळती टाकीत किंवा व्हॉल्व्हच्या आधी, नाही उतरलं तर खाली. पंपाबद्दल काही मोजलेलं नाही, म्हणून शिफारस नाही.”