किसान दिनाला कृषीच्या प्रथम वर्षासाठी स्वागताचे भाषण कसे तयार करावे

आधी तारीख पक्की करा. २३ डिसेंबर हा चौधरी चरणसिंह यांचा जन्मदिवस, म्हणजे राष्ट्रीय शेतकरी दिन. १ जुलैचा कृषी दिन महाराष्ट्राचा, वसंतराव नाईक यांच्या जयंतीचा. भाषणात या दोघांची सरमिसळ होते आणि समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या ती लगेच लक्षात येते.

भाषण सहा मिनिटांचे ठेवा. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे सहाशे शब्द पुरे. पाहुण्यांची नावे सूत्रसंचालकाने घेतलेली असतातच. ती पुन्हा वाचत बसलात तर दोन मिनिटे तिथेच जातात आणि मुलांचे लक्ष उडते. अध्यक्ष व सत्कारमूर्ती शेतकरी यांना एका वाक्यात नमस्कार करा आणि थेट विद्यार्थ्यांकडे वळा.

भाषणाचा गाभा मधली चार मिनिटे. तिथे ‘बळीराजा’, ‘जगाचा पोशिंदा’ यांची माळ ओवू नका. त्या दिवशी शिवारात उभे असलेले एकच पीक घ्या आणि त्यातला एकच निर्णय उलगडून दाखवा. डिसेंबरअखेर हरभरा फुलोऱ्यात किंवा घाट्यात असतो, म्हणून तो सोयीचा. सकाळी कॉलेजच्या शेतातून घाटेअळी लागलेली एक फांदी आणा आणि पहिल्या रांगेत फिरवा. घाट्याला गोल छिद्र असते. अळी डोके आत खुपसून दाणे खाते, उरलेले अंग बाहेरच दिसते.

मग असे बोला: “मित्रांनो, अळी दिसली की पंप उचलावासा वाटतो. तुम्ही आधी मोजायचे. शेतात पाच-सहा ठिकाणी ओळीचे एक-एक मीटर अंतर घ्या, अळ्या मोजा, सरासरी काढा. मीटरला एक-दोन अळ्या निघाल्या तर फवारणीचा विचार करा. त्याहून कमी असतील तर पक्षिथांबे आणि कामगंध सापळ्यांवर भर द्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. विनाकारण केलेल्या फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो आणि अळी खाणारे मित्रकीटकही मरतात.”

हा भाग कीटकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या. सभागृहात हरभरा पिकवणारे बसलेले असतात, एक आकडा चुकला की पुढचे कोणी मनावर घेत नाही. शहरातून आलेल्या मुलांसाठी ‘घाटा’ म्हणजे हरभऱ्याची शेंग, एवढे जाता जाता सांगा. शेतकऱ्यांना मात्र त्यांचेच पीक शिकवण्याचा सूर नको. उलट त्यांच्यापैकी एकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि यंदा फवारणी केव्हा केली व का, हे मंचावरून दोन वाक्यांत सांगायला लावा.

मसुदा मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडा. शेवटी आभार नकोत, ते दुसऱ्याकडे असतात. तुम्ही सूचना द्या: कार्यक्रमानंतर प्रथम वर्षाने वही आणि मोजपट्टी घेऊन हरभऱ्याच्या प्लॉटवर जमायचे.