अष्टांगयोग: समाधीला मोक्ष म्हणू नका, आणि उत्तरपत्रिकेतल्या इतर चुका

पातंजल योगावरच्या उत्तरांत हे वाक्य वारंवार दिसतं: ‘आसन-प्राणायामाने चित्त एकाग्र होते, ध्यानात विचार थांबतात आणि समाधीत मोक्ष मिळतो.’ वाचायला सरळ वाटलं तरी त्याचे तिन्ही तुकडे चुकीचे आहेत.

पहिला तुकडा. योगसूत्रांत आसनाच्या वाट्याला जेमतेम तीन सूत्रं आहेत (२.४६ ते २.४८). स्थिर आणि सुखकर बैठक एवढीच त्याची व्याख्या आहे, आणि ती साधली की शीत-उष्णासारखी द्वंद्वं त्रास देत नाहीत. प्राणायामाचं फळ म्हणून प्रकाशावरचं आवरण क्षीण होणं आणि धारणेसाठी मनाची ‘योग्यता’ सांगितली आहे (२.५२-५३). म्हणजे इथे एकाग्रतेची तयारी होते, प्रत्यक्ष एकाग्रता नाही. व्यायामवर्गातलं आसन डोक्यात ठेवून लिहिलं की नेमका हाच फरक निसटतो.

दुसऱ्या तुकड्यात सगळ्यात जास्त गुण जातात. नासिकाग्र हा विषय घेऊन पाहू. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात धारणेच्या स्थानांमध्ये तो आलेलाच आहे. चित्त तिथे बांधलं, ही धारणा. ते भरकटतं आणि पुन्हा तिथेच आणावं लागतं. त्याच विषयाचा प्रत्यय, म्हणजे त्याची जाणीव, दुसरा कुठलाही प्रत्यय मध्ये न येता सलग वाहू लागला की ध्यान. इथे वृत्ती थांबलेली नसते, एकसारखी चालू असते. म्हणून ‘विचारशून्य अवस्था’ हे ध्यानाचं वर्णन चुकीचं ठरतं. पुढे ‘मी ध्यान करतो आहे’ हे भानही मागे पडून फक्त विषय भासतो, तेव्हा समाधी. सूत्रात (३.३) ‘स्वरूपशून्यमिव’ असं आहे. त्यातला ‘इव’ गाळू नका, कारण चित्त नाहीसं झालेलं नसतं, नसल्यासारखं भासतं. तिन्ही व्याख्या वेगवेगळ्या पाठ करण्यापेक्षा एकच विषय धरून अशा लिहिल्या तर गोंधळ होत नाही.

आता मोक्षाचा मुद्दा. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी या यादीवरून आठवं अंग म्हणजे शेवट असं वाटतं खरं, पण पतंजली तसं म्हणत नाहीत. धारणा, ध्यान आणि समाधी ही तीन आधीच्या पाचांच्या तुलनेत अंतरंग आहेत (३.७), आणि लगेच पुढच्या सूत्रात हीच तीन निर्बीज, म्हणजे कुठलाही विषय न उरलेल्या, समाधीच्या दृष्टीने बहिरंग ठरतात. अंगांच्या अनुष्ठानाने अशुद्धी क्षीण होते आणि ज्ञान विवेकख्यातीपर्यंत, म्हणजे पुरुष आणि प्रकृती यांतला भेद स्पष्ट दिसेपर्यंत, उजळत जातं (२.२८). दुःख सुटण्याचा उपाय म्हणून सांगितली आहे ती हीच विवेकख्याती, तीही अखंड (२.२६). कैवल्य, म्हणजे योगातला मोक्ष, त्याच्याही पुढे. एकाच ‘समाधी’ शब्दाने अंगही सांगितलं जातं आणि निर्बीज अवस्थाही, त्यामुळे उत्तरात कोणती समाधी अभिप्रेत आहे ते दर वेळी स्पष्ट करा.

याच यादीमुळे आठ अंगं म्हणजे एकामागून एक चढून मागे टाकायच्या पायऱ्या, असंही लिहिलं जातं. आसन साधल्यावर प्राणायाम, हा क्रम सूत्रातच आहे (२.४९). पण जाती, देश, काळ, प्रसंग यांची सवलत नसलेले यम हे ‘महाव्रत’ आहे (२.३१), तेव्हा ध्यानापर्यंत पोचलेल्या साधकाची अहिंसा संपत नाही. ‘पायरी’ऐवजी ‘अंग’ हाच शब्द वापरा.