लसीकरणाचे कार्ड हरवल्यास नोंदी कशा जुळवाव्यात

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, त्यामुळे जन्मानंतरच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या लसींची नोंद सासरच्या गावी शोधण्यात अर्थ नसतो; ती प्रसूती झालेल्या दवाखान्यातील डिस्चार्ज कार्डावर पाहावी. पुढील डोस ज्या उपकेंद्रात दिले गेले, तेथील आरोग्यसेविकेकडे नोंदवही आणि कार्डाची स्थळप्रत असते. आईचे नाव, बाळाची जन्मतारीख आणि गाव सांगितल्यास नोंद लवकर सापडते, कारण बारशापूर्वीची नोंद आईच्याच नावाने असते.

समजा, चार वर्षांच्या मुलीचे पेंटाव्हॅलंटचे तीन डोस आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नोंदवहीत आढळला, पण दीड वर्षाच्या वेळचे काहीच सापडले नाही. अशा वेळी मालिका पहिल्यापासून सुरू न करता गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी बूस्टर आणि पोलिओ बूस्टर डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत. केवळ आजीच्या आठवणीवरून तारखा लिहू नयेत. दंडावरचा व्रण बीसीजी सुचवतो, इतर लसींबद्दल मात्र काहीच सांगत नाही. लेखी पुरावा नसलेला डोस दिलाच नाही असे धरतात. गोवर-रुबेलाचा डोस पुन्हा दिला गेला तरी अपाय होत नाही.