आयात शुल्क आणि कोटा: हिशेबातल्या या चुका टाळा

‘शुल्कात सरकारला महसूल मिळतो, कोट्यात मिळत नाही, म्हणून कोटा वाईट.’ अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता चीड येते. अर्धं बरोबर असलेलं उत्तर दुरुस्त करणं सगळ्यात अवघड असतं. म्हणून तुरीवर हिशेब मांडतो. आकडे सोपे जावेत म्हणून मनाने घेतले आहेत.

समजा, खुल्या आयातीत तूर ८० रुपये किलो आहे. देशात ४५ लाख टन खपते, ३५ लाख टन पिकते आणि १० लाख टन बाहेरून येते. आता किलोला १० रुपये शुल्क लावलं. भाव ९० झाला, खप ४२ लाखांवर आला, उत्पादन ३८ लाखांवर गेलं आणि आयात ४ लाख टन उरली. किलोमागे १० रुपये म्हणजे लाख टनांमागे १०० कोटी. ग्राहकाचं नुकसान ४,३५० कोटी, शेतकऱ्याचा फायदा ३,६५० कोटी, सरकारचा महसूल ४०० कोटी. उरलेले ३०० कोटी कुणालाच मिळत नाहीत. तीच निव्वळ हानी.

इथे घाई करणारे महसूल जुन्या १० लाख टनांवर काढतात. शुल्क लागल्यावर जेवढा माल येतो, तेवढ्यावरच वसुली होते.

आता शुल्काऐवजी ४ लाख टनांचा कोटा लावा, म्हणजे परवाना असलेल्यांनीच आणि मिळून तेवढीच तूर आणायची. भाव तोच, ९०. ग्राहक तेवढंच गमावतो, शेतकरी तेवढंच कमावतो. फरक फक्त त्या ४०० कोटींचा.

आणि इथेच सगळे घसरतात. एकदा पदव्युत्तर वर्गात हेच गणित गटागटाने सोडवायला दिलं होतं. आकृत्या सुरेख आल्या, पण जवळजवळ प्रत्येक गटाने कोट्याची निव्वळ हानी ७०० कोटी लिहिली. महसूल नाही, म्हणजे पैसा बुडाला, असा तर्क. मी एवढंच विचारलं, ‘ज्याच्याकडे परवाना आहे तो ८०ने तूर आणतो आणि ९०ने विकतो. मधले दहा रुपये कुठे गेले?’ वर्ग गप्प. तयार नोट्समध्ये ‘कोटा = महसूल शून्य’ अशी एक ओळ होती आणि सगळ्यांनी तीच पाठ केली होती. अशा एका ओळीच्या नोट्सवर माझा राग आहे, कारण त्या नेमका विचार करायच्या जागीच विद्यार्थ्याला थांबवतात.

परवाना कुणाला मिळाला, यावर उत्तर ठरतं. सरकारने परवान्यांचा लिलाव केला आणि बोली चुरशीची झाली, तर ४०० कोटी तिजोरीतच येतात. परवाने फुकट वाटले, तर ते परवानाधारकाच्या खिशात जातात. भारतात तुरीचा कोटा डाळ मिलवाल्यांना वाटला गेला, तेव्हा हा फायदा त्यांच्या दारी गेला. आणि निर्यात करणाऱ्या देशानेच मर्यादा पाळली, तर पैसा देशाबाहेर जातो. १९८१पासून जपानने अमेरिकेला पाठवायच्या मोटारींवर स्वतःहून मर्यादा घातली होती. तिथे चढ्या भावाचा मोठा वाटा जपानी कंपन्यांना मिळाला. फक्त याच स्थितीत देशाचं नुकसान ७०० कोटी लिहायचं.

माझी सवय अशी: कोट्याच्या आकृतीत त्या ४०० कोटींचा चौकोन दिसला की आधी त्यात मालकाचं नाव लिहायचं, मग पुढची बेरीज.

दुसरी चूक म्हणजे शुल्क आणि कोटा कायमचे सारखे मानणं. परिस्थिती हलली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. परदेशात तूर ८०वरून ६५वर आली, तर शुल्क असताना देशात भाव ७५ होतो आणि झळ शेतकऱ्याला बसते. कोट्यात आयात ४ लाख टनच राहते, भाव ९०च राहतो आणि परवानाधारकाचा किलोमागचा फायदा १०वरून २५ रुपये होतो. उलट देशात पीक बुडालं, तर शुल्काखाली आयात वाढून भाव ९०वर थांबतो. कोट्यात भाव चढतच जातो.

तुरीचाच इतिहास पाहा. २०१६-१७मध्ये विक्रमी पीक आलं आणि भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरले. मार्च २०१७मध्ये १० टक्के शुल्क लागलं, तरी भाव सावरले नाहीत. ऑगस्टमध्ये वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली. पुढे डाळी महागल्यावर, मे २०२१मध्ये, सरकारने तुरीची आयात पुन्हा खुली केली.