धान कापणीच्या दिवसांतला ताप : वेळेवर ओळखण्यासाठी सल्ला

गडचिरोली जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या धानपट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलक्या धानाची कापणी सुरू असते, तर भारी धान लोंबीत भरत असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी याच काळात घरोघरी एक माणूस जागलीला शेतात झोपतो. पावसाळा संपत आल्यावर फाल्सिपेरम या घातक जातीच्या हिवतापाचे रुग्ण वाढतात, तेही नेमके याच वेळी. मजूर ठरलेले असतात आणि कापलेले धान कडपा स्वरूपात बांधीत पसरलेले असते. वरून अवकाळी पावसाची धास्ती असल्याने अंगात ताप असूनही माणूस विळा खाली ठेवत नाही. अशाच एका शेतकऱ्याचा आजार प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी कसा ओळखला, हे येथे सविस्तर देत आहोत. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून त्याचे व गावाचे नाव दिलेले नाही.

हा शेतकरी साधारण चाळिशीचा, जंगलालगतच्या गावातला. एका दुपारी त्याला हुडहुडी भरली आणि डोके ठणकू लागले. कापणीचा शीण आणि पहाटेचे दव यामुळे असे झाले असावे, असे समजून त्याने किराणा दुकानातून तापाची गोळी आणून घेतली. रात्री घाम येऊन ताप उतरला आणि सकाळी तो पुन्हा कापणीला गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी हेच घडले. आशाताईचे घर हाकेच्या अंतरावर होते आणि तिथे रक्ततपासणी मोफत होती. पण ताप गोळीने उतरतो आहे, मग तपासायचे कशाला, असे त्याला वाटले. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्यावर गावात फिरून औषध देणाऱ्या एका माणसाकडून त्याने वेदनाशामक इंजेक्शन आणि सलाईनची बाटली लावून घेतली. त्या संध्याकाळी अंग गार लागले, तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. पाचव्या दिवशी सकाळी मात्र त्याला खाटेवरून उठता येईना. तो असंबद्ध बोलू लागला, डोळे पिवळे दिसू लागले आणि रात्रभरात जेमतेम एकदाच झालेली लघवी काळ्या चहासारखी होती.

त्याने आठवड्यापूर्वी तुडतुड्यांसाठी फवारणी केली होती, म्हणून काही नातेवाइकांना ही औषधाची बाधा वाटली. काहींच्या मते ही कावीळ होती आणि शेजारच्या गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचे जवळपास ठरले होते. मात्र थोरल्या मुलाने जीप करून त्याला आरोग्य केंद्रात आणले.

तपासणीत ताप फक्त ९९.४ अंश फॅरनहाइट भरला. हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत झाले असते. डॉक्टरांनी मात्र थर्मामीटर बाजूला ठेवला आणि रुग्णाला आधाराशिवाय बसायला सांगितले. त्याला बसता आले नाही, मान एका बाजूला कलली. नाव विचारल्यावर त्याने बराच वेळाने वडिलांचे नाव सांगितले. कीटकनाशकाच्या बाधेची शंका डॉक्टरांनी तिथल्या तिथे तपासून पाहिली. ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधाची बाधा झाल्यास डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, घाम सुटतो आणि स्नायू फडफडतात. शिवाय ही लक्षणे साधारणपणे फवारणीनंतर काही तासांत दिसतात. या रुग्णाच्या बाहुल्या नेहमीसारख्या होत्या, तोंड कोरडे होते, आणि फवारणी होऊन आठवडा उलटला होता.

मग डॉक्टरांनी त्याच्या पत्नीला विचारले, “ताई, हे रात्री झोपतात कुठं?”

“धानाच्या जागलीला, माळ्यावर. दसऱ्याच्या आधीपासून तिथंच हायत.”

“मच्छरदाणी नेली होती का सोबत?”

“ती घरीच हाय. लेकरांना लावतो.”

या दोन उत्तरांनी डॉक्टरांचा संशय पक्का झाला. फाल्सिपेरमचा डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण नऊ ते चौदा दिवस जातात, त्यामुळे ताप येण्याच्या आदल्या रात्रीपेक्षा दोन आठवड्यांपूर्वीची झोपण्याची जागा महत्त्वाची ठरते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन केलेल्या जलद तपासणीत नियंत्रण रेषेसोबत फाल्सिपेरमची रेषा पंधरा-वीस मिनिटांत स्पष्ट उमटली. त्याआधीच केलेल्या साखरेच्या तपासणीत रक्तशर्करा ३८ निघाली होती. ४०च्या खाली गेलेली साखर हे तीव्र हिवतापाचे लक्षण मानले जाते, आणि केवळ तिच्यामुळेही रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून हिवतापाच्या निदानाची वाट न पाहता शिरेतून ग्लुकोज देण्यात आले.

ताप कमी असूनही आजार इतका गंभीर कसा, हे समजून घेणे प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या उपयोगाचे आहे. फाल्सिपेरमचे जंतू ज्या तांबड्या पेशींत वाढतात त्या पेशी चिकट होतात आणि मेंदू, मूत्रपिंड यांसारख्या अवयवांतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. पाटात गाळ साचल्यावर शेवटच्या बांधीला पाणी पोहोचत नाही, तसा त्या अवयवांचा रक्तपुरवठा तुटतो. तापाची गोळी फक्त शरीराचे तापमान उतरवते, जंतूंवर तिचा काहीही परिणाम होत नाही. म्हणजे अंग गार असतानाही आतली वाढ चालूच राहते. वेदनाशामक इंजेक्शनांपैकी काही, विशेषतः उलट्यांनी पाणी कमी झालेल्या रुग्णात, आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांना आणखी इजा करतात. घरी लावलेली सलाईनही निरुपद्रवी नाही, कारण तीव्र हिवतापात गरजेपेक्षा जास्त द्रव दिल्यास फुप्फुसांत पाणी भरून श्वास कोंडू शकतो.

केंद्रातच आर्टेसुनेट इंजेक्शनची पहिली मात्रा देण्यात आली. प्रौढ रुग्णाला हे औषध दर किलो वजनामागे २.४ मिलिग्रॅम दिले जाते. या रुग्णाचे वजन ५० किलो असल्याने १२० मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या लागल्या. पुढची मात्रा बारा तासांनी, त्यानंतरची पहिल्या मात्रेपासून चोवीस तासांनी आणि मग रोज एक, असा क्रम असतो. पहिली मात्रा दिल्यावरच १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले, आणि मात्रा किती वाजता दिली ते चिठ्ठीवर ठळक लिहिले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण जंगलातील रस्त्याने प्रवासाला काही तास लागतात आणि तेवढा वेळ विनाऔषध गेल्यास रुग्ण हाती लागत नाही. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि लघवी सुधारली. त्यानंतर तोंडावाटे एसीटी या हिवतापावरील संयुक्त औषधाच्या गोळ्यांचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स आणि प्रायमाक्विनची एक मात्रा देऊन त्याला घरी सोडण्यात आले.

यावरून कापणीच्या हंगामासाठी पहिली सूचना अशी की, ताप आल्यास त्याच दिवशी आशाताईकडे किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्यावे. तापाची गोळी घेतली असली तरी तपासणी करता येते, त्यामुळे गोळी घेतली म्हणून लांबणीवर टाकू नये. जलद तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर एक-दोन दिवसांत पुन्हा तपासणी करून रक्ताची काचपट्टीही पाठवावी, कारण सुरुवातीला जंतू कमी असल्यास किट त्यांना पकडू शकत नाही. याउलट आजार बरा झाल्यावरही हे किट काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. म्हणून नुकताच हिवताप होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा ताप आल्यास आधी घेतलेल्या औषधांची माहिती द्यावी, गोळ्यांचे पाकीट असल्यास सोबत न्यावे.

हिवतापाच्या गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशीच बरे वाटू लागते आणि लोक कोर्स अर्धवट सोडून बांधीत जातात. हे करू नये. तसेच गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास ती मात्रा पुन्हा घ्यावी लागते, म्हणून लगेच आशाताईला कळवावे. गरोदर महिलेला व तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत, त्यामुळे घरातील एकाची गोळी दुसऱ्याला कधीही देऊ नये.

घरच्यांनी तापाच्या आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नसेल, बोलण्यात घोळ असेल, झटके येत असतील, डोळे पिवळे झाले असतील, लघवी काळपट किंवा फारच कमी होत असेल, श्वास खोल आणि भरभर चालत असेल किंवा पोटात काहीच टिकत नसेल, तर यांपैकी एकही गोष्ट दिसताच १०८ ला फोन करावा. रुग्ण गुंगीत असेल तर त्याला पाणी, चहा किंवा गोळी पाजू नये, ती श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर झोपवावे. अलीकडे फवारणी झाली असेल तर औषधाची बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही शक्यता लवकर तपासता येतात. पिवळे डोळे आणि कमी लघवी ही लक्षणे लेप्टोस्पायरोसिस व स्क्रब टायफस या आजारांतही असू शकतात. तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडावे आणि काविळीच्या झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.

जागलीला जाणाऱ्या माणसाची मच्छरदाणी वेगळी असावी. घरी एकच असेल तर दुसरी मिळण्यासाठी उपकेंद्रात नोंद करावी. माळ्याच्या चार कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या बांधून ती ताणावी आणि कडा चटईखाली सगळीकडून खोचाव्यात, कारण हिवतापाचे डास रात्री चावतात. औषधी मच्छरदाणी वारंवार धुऊ नये, धुतल्यास सावलीत वाळवावी, आणि मासे पकडण्यासाठी मुळीच वापरू नये. धानाच्या बांधीतील पाणी कापणीपूर्वी साधारण आठ-दहा दिवस आधी काढले जातेच. ते काढताना धुऱ्याकडेच्या खड्ड्यांत साचून राहणार नाही, हे पाहावे. डासाची अळी साचलेल्या पाण्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण वाढते. कायम पाणी असलेल्या बोडीत गप्पी मासे सोडण्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलावे.

ज्यांना आर्टेसुनेटची इंजेक्शने दिली गेली आहेत, त्यांनी घरी आल्यावरही काळजी घ्यावी. उपचारानंतर एक ते चार आठवड्यांत काही रुग्णांच्या तांबड्या पेशी पुन्हा फुटू लागतात, मग रक्त कमी होते आणि लघवी गडद होते. वरील शेतकऱ्याला डॉक्टरांनी चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन तपासायला सांगितले आणि तोवर मळणीची जड कामे घरच्या इतरांनी करावीत असे बजावले. त्याच वेळी त्याच्या घरातील आणि शेजारच्या बांधीत जागलीला झोपणाऱ्या सर्वांचे रक्तही आशाताईने तपासले. रुग्ण सापडलेल्या प्रत्येक गावात अशी तपासणी मागून घ्यावी.