कॉलनी टूर्नामेंटसाठी मैदान विचारताना या चुका टाळा

‘शनिवार-रविवार ग्राउंड मिळेल का? रेट काय?’ बुकिंगसाठी बहुतेक मेसेज असेच जातात. मैदानवाला एका सामन्याच्या स्लॉटचा रेट सांगतो, आयोजक त्यालाच दोन दिवसांचा हिशेब धरून बसतात आणि गडबड रविवारी दुपारी लक्षात येते. पुण्यातली आठ संघांची टेनिस बॉल स्पर्धा उदाहरणाला घेऊ.

सामने न मोजता दिवस मागणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आठ संघांचे चार-चारचे दोन गट केले, तर साखळीचेच बारा सामने होतात. दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून पंधरा. टेनिस बॉलचं एक षटक साडेचार मिनिटं खातं, कारण चेंडू झाडीत किंवा कुंपणापलीकडे जातो आणि शोधण्यात वेळ जातो. सहा षटकांचे दोन डाव म्हणजे 54 मिनिटं. मधला ब्रेक, टॉस, संघांची ये-जा यांची वीस मिनिटं मिळवली की सामना सव्वा तासाचा. पंधरा सामन्यांना पावणेएकोणीस तास लागतात.

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसातला सुरू करून साडेपाचला थांबायचं आणि जेवणाला तास द्यायचा, तर दोन दिवसांत अठराच तास हातात येतात. म्हणजे स्पर्धा मावत नाही. अशा वेळी ‘पटापट खेळवू’ म्हणून चालत नाही. रविवारी दिवस कलला की अंतिम सामना चार षटकांवर येतो आणि भांडणं तिथेच लागतात.

उपाय सोपा आहे. साखळी पाच षटकांची ठेवा, म्हणजे सामना सुमारे पाऊण तासाच्या खेळाचा आणि सगळं धरून एक तास पाच मिनिटांचा होतो. शेवटचे तीन सहा षटकांचेच राहू देत. एकूण पावणेसतरा तास होतात आणि सव्वा तास शिल्लक राहतो. शनिवारी आठ, रविवारी सात सामने लावले की बक्षीस समारंभही उजेडात उरकतो. हा हिशेब झाल्यावरच विचारणा करा, आणि वेळ सामन्याची नव्हे, मैदानाच्या ताब्याची लिहा. फक्की मारणं, स्टंप रोवणं, टेबल मांडणं यासाठी साडेसहालाच गेट उघडं हवं.

चेंडू आणि खेळपट्टीबद्दल न बोलणे

‘क्रिकेट खेळायचंय’ एवढ्यावर मैदानवाला सीझन बॉल गृहीत धरू शकतो. टर्फवर दिवसात आठ सामने झाले की गोलंदाजाचा पाय पडतो तिथली माती उकरून खड्डा पडतो, त्यामुळे बरेच जण टर्फ द्यायला नाखूश असतात. टेनिस बॉलला मॅट किंवा सिमेंटची पट्टी पुरते. मॅट असेल तर ती कोण अंथरणार, खिळे ठोकून ताणून देणार का, हे विचाराच. सैल मॅटवर सुरकुती पडते आणि तिच्यावर टप्पा पडला की चेंडू एकदा घोट्याला, एकदा हनुवटीपर्यंत येतो. सीमारेषा किती मीटरवर मिळेल, आणि कुंपणापलीकडे घरं असतील तर जाळी आहे का, हेही त्याच मेसेजमध्ये येऊ दे. सकाळी दव असतं, तेव्हा मॅट आदल्या रात्री अंथरून ठेवू नका.

रेटमध्ये काय धरलंय हे न विचारणे

ग्राउंड्समन, फक्की, स्वच्छतागृहाची चावी, पाणी, पार्किंग, अनामत आणि ती परत कधी मिळणार, हे एकेक करून विचारा. स्पीकर लावणार असाल तर आधीच सांगा. त्याची परवानगी बहुधा आयोजकांनाच काढावी लागते, आणि रात्री दहानंतर तो बंदच असतो. पाऊस आला किंवा मैदान ओलं राहिलं तर पैसे परत की दुसरी तारीख, याचं उत्तर लेखी घ्या. ‘बघू तेव्हा’ या उत्तरावर आगाऊ रक्कम देऊ नका.

तारखेसोबत वार न लिहिणे

तारीख चुकली तर वारावरून लगेच लक्षात येतं, म्हणून दोन्ही लिहा आणि पर्यायी आठवडाही द्या. वरच्या स्पर्धेचा मेसेज असा होईल:

‘नमस्कार साहेब. 12 डिसेंबर 2026 शनिवार आणि 13 डिसेंबर रविवार, दोन्ही दिवस सकाळी 6.30 ते संध्याकाळी 5.30 पूर्ण मैदान हवं आहे. ते नसेल तर 19-20 डिसेंबर, शनिवार-रविवार. टेनिस बॉल, आठ संघ, एकूण 15 सामने, मॅट किंवा सिमेंट पट्टी. दिवसाला अंदाजे 120 माणसं, 50 दुचाकी, 10 गाड्या. एक स्पीकर, जेवण बाहेरून येईल, मैदानावर स्वयंपाक नाही. दोन्ही दिवसांचं एकत्र भाडं, अनामत, त्यात धरलेल्या गोष्टी आणि पावसाचा नियम कळवावा. मैदान बघायला या रविवारी सकाळी येऊ का?’