मान डोलली म्हणजे कळलं असं नाही

मोरजीत उतरलेल्या रशियन पाहुण्याला बसने पणजीला जायचंय. “समजलं?” असं विचारू नका, संकोचाने कुणीही मान हलवतो. कागदावर मोरजी, म्हापसा, पणजी ही नावं रोमन लिपीत लिहून मध्ये बाण काढा. म्हापशाला गोल करून “बस चेंज” एवढंच म्हणा. मग पेन त्यांच्या हातात देऊन कुठे उतरणार ते दाखवायला सांगा. बोट थेट पणजीवर गेलं, तर आवाज न चढवता तेच दोन शब्द पुन्हा म्हणा. नवे शब्द वापरले की गोंधळ वाढतो. वेळ आणि भाडं आकड्यांत लिहाच. बोटांवर मोजू नका: रशियन माणसं मोजताना बोटं मिटत जातात, आपण उघडत.